खचलेल्या विद्यार्थ्याच्या निबंधावर शेरा: दोन पद्धती, एक निवड

आधीच्या निबंधांत कमी गुण पडल्याने हिरमुसलेल्या विद्यार्थ्याने 'शाळेत मोबाइल असावा का' यावर निबंध लिहून दिला आहे. तिसऱ्या परिच्छेदात त्याने वर्गात स्वतः पाहिलेला प्रसंग नेमका टिपलाय. मात्र मोबाइल असावा की नसावा, हे त्याने शेवटपर्यंत स्पष्ट सांगितलेलं नाही. त्याने निबंध पुन्हा लिहावा, असं तुम्हाला वाटतं.

पहिली पद्धत सगळ्यांच्या सवयीची: आधी कौतुक, मग दोष, शेवटी पुन्हा कौतुक. 'छान प्रयत्न! मुद्दा स्पष्ट नाही. अक्षर सुंदर.' पटकन लिहून होतं आणि मन दुखावणार नाही असं वाटतं. पण खचलेलं मूल यातून वेगळंच वाचतं. कौतुक अक्षराचं आणि दोष विचारातला, म्हणजे माझ्याकडून बाईंना यापेक्षा जास्त अपेक्षाच नाही. शिवाय नेमकं काय बदलायचं, हेही त्याला उमगत नाही.

दुसऱ्या पद्धतीत आधी टीकेचं कारण सांगायचं: 'एवढं बारकाईने लिहिते आहे, कारण माझी अपेक्षा मोठी आहे आणि तू तिथे पोहोचशील याची मला खात्री आहे.' मग खात्रीचा पुरावा: 'तिसऱ्या परिच्छेदातला प्रसंग वाचून मला तुझी बाजू पहिल्यांदा कळली.' आणि मग एकच काम: 'ती बाजू एका वाक्यात लिहून सुरुवातीला आण. जो परिच्छेद तिला आधार देत नाही, तो काढ.'

अमेरिकेत सातवीच्या मुलांवर झालेला, २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच धर्तीच्या चिठ्ठीचा आहे. निबंधांवर शिक्षकांनी खरी टीका लिहिलेलीच होती. फरक फक्त सोबतच्या चिठ्ठीत होता. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी १७ टक्के मुलांनी निबंध सुधारून दिला, अपेक्षा आणि खात्री सांगणारी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी ७२ टक्के मुलांनी. गट लहान होता, त्यामुळे हे आकडे कुठल्याही वर्गाला जसेच्या तसे लावू नयेत. पण परिणाम सर्वाधिक तिथेच दिसला, जिथे शिक्षकांवरचा विश्वास डळमळीत होता. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

म्हणून खचलेल्या मुलासाठी मी दुसरीच पद्धत निवडेन. पहिली पद्धत आत्मविश्वास असलेल्या मुलाला, पुन्हा लिहायचं नसताना, चालून जाते.

दुसरीही फसते. प्रत्येक वहीवर तेच वाक्य दिसलं की मुलं ते ओळखतात. शेऱ्याशेजारी गुण लिहिले की नजर गुणांवरच थांबते. ते दुसऱ्या खर्ड्यानंतर द्यावेत. आणि बाजू एका वाक्यात मांडायची कशी हेच मुलाला येत नसेल, तर खात्री देऊन भागत नाही. शेजारी बसून पहिलं वाक्य त्याच्याकडून तोंडी काढून घ्यावं लागतं.

दुसरा खर्डा आला की आधी सुरुवात पाहा. फक्त शुद्धलेखन सुधारलेलं असेल, तर मूल लिहायला तयार झालंय, पण काय करायचं ते त्याला कळलेलं नाही. अशा वेळी कौतुक वाढवू नका, सूचना आणखी सोपी करा.