तिमाही ओकेआर: वार्षिक टार्गेटची वाटणी करावी की उकल?

एप्रिल उजाडला की छोट्या टीमपुढे वार्षिक आराखड्यातला एक आकडा येतो आणि त्यातून पहिल्या तिमाहीचे ओकेआर काढायचे असतात, म्हणजे एक उद्दिष्ट आणि ते गाठलं की नाही हे मोजून सांगणारे काही ‘की रिझल्ट’. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, आकड्याला चाराने भागायचं. दुसरा, तो आकडा कशाकशाने बनतो हे सोडवून, टीमच्या हातात असलेले भाग की रिझल्ट म्हणून घ्यायचे. पहिल्याला वाटणी म्हणू, दुसऱ्याला उकल.

समजा पाच जणांची टीम आहे. किराणा दुकानदारांना महिन्याच्या वर्गणीवर बिलिंगचं अ‍ॅप देते. १ एप्रिलला पैसे भरणारी दुकानं १२००, आणि ३१ मार्चपर्यंत ती १८०० करायची आहेत.

वाटणीचा हिशेब अर्ध्या तासात होतो. ६०० भागिले ४, म्हणून या तिमाहीत १५० नवी दुकानं. दर महिन्याला २५० दुकानदार मोफत चाचणी घेतात आणि त्यातले २० टक्के पैसे भरतात. म्हणजे ७५० चाचण्यांतून १५० दुकानं सहज येतात, आणि जूनअखेर शीटवर की रिझल्ट हिरवा दिसतो.

पण जुनी दुकानंही सुटतात. दरमहा २ टक्के गळती धरली, तर १२०० पैकी तीन महिन्यांत साधारण ७२ दुकानं जातात. उरलेली निव्वळ वाढ ७८. ओकेआर शंभर टक्के पूर्ण, आणि आराखडा जवळपास निम्म्यावर! टीमने काम कमी केलेलं नसतं. चूक एप्रिलमध्येच झालेली असते, कारण आराखड्यात ‘एकूण दुकानं’ होती आणि की रिझल्टमध्ये ‘नवी दुकानं’ आली.

उकल करताना आधी हे समीकरण कागदावर येतं: निव्वळ वाढ म्हणजे चाचण्या गुणिले रूपांतर, वजा गळती. रूपांतर म्हणजे चाचणी घेणाऱ्यांपैकी पैसे भरणाऱ्यांचा टक्का. मग एकेका भागाला विचारायचं, हा आमच्या हातात आहे का? चाचण्यांची संख्या मार्केटिंगच्या खर्चावर ठरते, ती या टीमकडे नाही. रूपांतर आणि गळती मात्र आहे. म्हणून उद्दिष्ट असं लिहिता येतं: ‘नव्या दुकानदाराचं रोजचं बिल पहिल्याच आठवड्यात अ‍ॅपवर यावं आणि तिथेच टिकावं.’ त्याखाली दोन की रिझल्ट: रूपांतर २० वरून २६ टक्के, मासिक गळती २ वरून १.२ टक्के.

| | वाटणी | उकल |
|---|---|---|
| नवी दुकानं | १५० | १९५ |
| सुटलेली | ७२ | ४३ |
| निव्वळ वाढ | ७८ | १५२ |

(नव्या दुकानांतलीही काही लगेच सुटतात. हा हिशेब त्याशिवायचा, ढोबळ आहे.)

उकलीलाही धोका आहे. रूपांतराचा टक्का सवलती वाटून वाढवता येतो, किंवा चाचण्याच गाळून. म्हणून सोबत दोन राखणीचे आकडे ठेवावेत: तिमाहीत चाचण्या ७५० च्या खाली नकोत आणि दर दुकानामागचं सरासरी उत्पन्न घटायला नको. हे की रिझल्ट नव्हेत. ते फक्त दर आठवड्याला पाहायचे.

गुणांकनाचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे जाणती माणसंही चुकतात. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी रुजवलेली ओकेआरची पद्धत गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये गूगलला नेली. तिथे शून्य ते एक या मापावर महत्त्वाकांक्षी उद्दिष्टांना ०.७ गुण चांगले मानतात, पण बांधिलकीच्या उद्दिष्टांना पूर्ण १ लागतो. आराखड्याला जोडलेले की रिझल्ट दुसऱ्या प्रकारचे असतात. वरच्या उदाहरणात दोन्हींना ०.७ मिळाले, तर रूपांतर २४.२ टक्के आणि गळती १.४४ टक्के होते. निव्वळ वाढ सुमारे १३०, म्हणजे एकाच तिमाहीत वीस दुकानांची तूट. महत्त्वाकांक्षी आकडा हवाच असेल तर तो वेगळ्या ओळीत लिहावा आणि आराखड्याच्या बेरजेत धरू नये.

चाराने भागण्यात आणखी एक खोट आहे. दिवाळीच्या आधी दुकानदार गिऱ्हाइकांत बुडालेला असतो, नवं अ‍ॅप शिकायला त्याला सवड नसते. ऑक्टोबर-डिसेंबरला १५० पेक्षा कमी धरून तो भार आधीच्या तिमाहींवर टाकावा लागतो.

मग वाटणी कधी घ्यावी? आकडा पूर्णपणे टीमच्याच हातात असेल तेव्हा. दोघं विक्रेते दारोदार जाऊन यंत्रं विकतात, विकलेलं परत येत नाही, अशा ठिकाणी उकल हे नुसतं कागदकाम ठरेल. गेल्या तीन महिन्यांचं रूपांतर आणि गळती कुणी मोजलेलीच नसेल, तरीही वाटणीच बरी. फक्त की रिझल्टमध्ये ‘नवी’ऐवजी ‘निव्वळ’ हा शब्द घालायचा आणि पहिल्या तिमाहीत मोजणी सुरू करायची. अंदाजाने लिहिलेला गळतीचा टक्का भक्कम दिसतो, पण त्यावर केलेली सगळी बेरीज हवेत असते.

दोन्हींपैकी काहीही निवडलं, तरी शीट बंद करण्याआधी एक तपासणी करावी. सगळे की रिझल्ट पूर्ण झाले असं धरून जूनअखेरचा आकडा काढायचा. आपल्या उदाहरणात तो १३५० च्या आसपास यायला हवा. १२७८ आला, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच की रिझल्ट पुन्हा लिहायला घ्यावेत.