फोनचा टीव्ही रिमोट: वर्षभर वापरल्यानंतर

घरातल्या दोन्ही टीव्हींचे मूळ रिमोट बाजूला पडून आता वर्ष होत आलं. जुना टीव्ही मी फोनच्या आयआर ब्लास्टरवर, म्हणजे रिमोटसारखा इन्फ्रारेड सिग्नल पाठवणाऱ्या भागावर चालवतो आणि स्मार्ट टीव्ही वायफायवरच्या अ‍ॅपने. दोन्हींचं काम एकच दिसतं, पण स्वभाव अगदी वेगळे आहेत.

आधी आयआरबद्दल. यासाठी फोनच्या वरच्या कडेला इन्फ्रारेड एलईडी असावा लागतो. तो नसेल तर कुठलंही अ‍ॅप आयआर सिग्नल पाठवू शकत नाही, त्यामुळे अ‍ॅप उतरवण्याआधी फोनची वैशिष्ट्यं तपासा. आयफोनमध्ये हा एलईडी नसतो. अँड्रॉइडमध्ये त्याची सोय २०१३ साली आलेल्या ४.४ आवृत्तीपासून आहे, पण एलईडी मोजक्याच फोनमध्ये मिळतो. तो चालतो की नाही हे बघायला दुसऱ्या फोनचा कॅमेरा त्याच्यासमोर धरून बटण दाबा. कॅमेऱ्यात जांभळट ठिपका लुकलुकला की सिग्नल निघतोय. काही कॅमेरे इन्फ्रारेड अडवतात. मागच्या कॅमेऱ्यात काही दिसलं नाही तर सेल्फी कॅमेऱ्याने बघा.

अ‍ॅपमध्ये कंपनी निवडली की ते एकामागून एक कोड सुचवतं आणि टीव्ही बंद झाला का, एवढंच विचारतं. या चाचणीवर विसंबू नका. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या काळातल्या टीव्हींचे कोड वेगळे असतात आणि पॉवरचं बटण जुळलं म्हणून बाकीची जुळतीलच असं नाही. माझ्या टीव्हीवर पहिल्या कोडने पॉवर आणि आवाज दोन्ही चालले, पण इनपुट बदलायचं बटण मुकं. दुसऱ्या कोडने इनपुट चाललं, पण नवीनच गंमत सुरू झाली: २३ नंबरचं चॅनल लागायचं, २२ मात्र लागेना. दोनदा २ दाबला तरी टीव्ही एकच २ घ्यायचा.

याचं कारण शोधताना मला खूप मजा आली. हा टीव्ही फिलिप्सने बनवलेली आरसी-५ ही पद्धत वापरतो. तिच्यात प्रत्येक सिग्नलमध्ये ‘टॉगल’ नावाचा एक बिट असतो. बटण सोडून पुन्हा दाबलं की रिमोटने तो बिट उलटवायचा असतो, म्हणजे टीव्हीला कळतं की ही नवी दाब आहे. बिट तोच राहिला तर बोट अजून बटणावरच आहे असं टीव्ही समजतो. अ‍ॅपमधल्या त्या कोडमध्ये प्रत्येक बटणाचा सिग्नल एकदाच साठवलेला होता, त्यामुळे बिट कधी उलटतच नव्हता. २ नंतर ३ दाबला की आज्ञाच बदलते, म्हणून २३ बिनबोभाट लागायचं. यादीतला आणखी पुढचा कोड निवडल्यावर २२ सुद्धा लागलं. म्हणून कोड पक्का करण्याआधी पॉवर, इनपुट, मेनूमधले बाण आणि एकच आकडा लागोपाठ दोनदा, एवढं दाबून बघाच.

रोजच्या वापरात खरा त्रास फोन धरण्याचा होतो. रिमोटची बटणं बोटांना न बघता सापडतात. फोनवर काचेकडे बघावं लागतं, आणि तसं बघताना फोन उभा होऊन एलईडी छताकडे वळतो. फोन आडवा करून वरची कड टीव्हीकडे रोखायची सवय लावून घ्यावी लागते. जाड कव्हरने एलईडी झाकला जात असेल तर तेही बदला. माझ्या फोनचा सिग्नल मूळ रिमोटपेक्षा दुबळा आहे. समोरून व्यवस्थित चालतो, खोलीच्या कोपऱ्यातून तिरका धरला की चुकतो.

वायफायच्या अ‍ॅपला दिशेची पर्वा नाही. टीव्हीवर दिसणारा कोड एकदा फोनमध्ये टाकला की जोडणी झाली. सर्वात मोठं सुख टायपिंगचं: शोधायचं नाव फोनच्या कीबोर्डवर लिहिता येतं, पडद्यावर एकेक अक्षर गाठत बसावं लागत नाही. फक्त फोन आणि टीव्ही एकाच नेटवर्कवर हवेत. फोन गेस्ट वायफायवर असेल तर बहुतेक वेळा टीव्ही यादीत दिसतच नाही, कारण राउटर तिथल्या उपकरणांना घरातल्या बाकीच्या उपकरणांशी बोलू देत नाही.

याची अडचण टीव्ही चालू करताना येते. स्टँडबायमध्ये टीव्हीने वायफाय बंद केलं असेल तर अ‍ॅपची हाक त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. सेटिंगमध्ये स्टँडबायमध्येही नेटवर्क चालू ठेवण्याचा पर्याय असेल तर तो निवडा. वीज थोडी जास्त जाते. माझ्या स्मार्ट टीव्हीत तो पर्याय नाही, पण आयआर सेन्सर आहे. म्हणून चालू करायला आयआर आणि पुढचं सगळं वायफायवर, अशी वाटणी मी केली आहे. राउटर बंद पडला तरी आवाज आयआरवरून कमीजास्त करता येतो.

मूळ रिमोट टाकून मात्र देऊ नका. टीव्ही फॅक्टरी रीसेट झाला की वायफायचा पासवर्डही पुसला जातो, आणि तो पुन्हा भरेपर्यंत अ‍ॅपचा उपयोग नसतो.