मधे ब्रेस, म्हणजे बाजूला सरकू न देणारा आडवा आधार, नसलेला कॉलम की ब्रेस असलेला?

४ मीटरचा स्टील कॉलम, दोन्ही टोकं पिन, म्हणजे फिरू शकतात पण सरकत नाहीत, आणि ज्या दिशेला तो सहज वाकतो त्या वीक ॲक्सिसचा I, म्हणजे आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध, १०० सेमी⁴ धरा. ब्रेस नसेल तर तो धनुष्यासारखा एकाच बाजूला वाकतो, आणि ज्या लोडला तो असा वाकतो तो π²EI/L² ने येतो साधारण १२३ किलोन्यूटन; E म्हणजे स्टीलचा ताठपणा, L म्हणजे लांबी.

आता बरोबर मधे ब्रेस लावला की मधला बिंदू हलतच नाही, म्हणून वरचा अर्धा एकीकडे अन खालचा दुसरीकडे असा S आकार होतो, लांबी निम्मी म्हणून लोड चौपट, ४९३! पण ब्रेस पुरेसा ताठ हवा, इथे निदान ०.५ किलोन्यूटन प्रति मिमी, प्रत्यक्षात कॉलम थोडा वाकडा असतोच म्हणून दुप्पट धरा. ढिला असेल तर धनुष्यच परत येतं. आणि दुसऱ्या ॲक्सिसला या ब्रेसचा काहीच उपयोग नाही, ती वेगळी तपासा.