म्हशीच्या दुधाचं फॅट रोज चार ते सहा पॉइंटनी कमी लागत होतं, कसं कळलं ते सांगतो

आमच्याकडं दोन मुऱ्हा म्हशी आहेत, सकाळी 8 लिटर आणि संध्याकाळी 6 लिटर दूध गावातल्या एका खाजगी संकलन केंद्रात घालायचो. केंद्राचं नाव घेत नाही, पण ज्यांचं दूध फॅटवर जातं त्यांनी हे वाचाच.

दर होता 8 रुपये फॅट. म्हणजे फॅट 6 लागलं तर लिटरला 48, आणि 6.1 लागलं तर 48 रुपये 80 पैसे. एक पॉइंट म्हणजे लिटरमागं 80 पैसे, ऐकायला काहीच वाटत नाही, म्हणूनच एवढे दिवस आपल्याला कळत नाही.

गेल्या पावसाळ्यापासून फॅट उतरलं, 6.1 च्या आसपास यायला लागलं. विचारलं तर ऑपरेटर म्हणायचा दादा ओला चारा जास्त झालाय, नाहीतर शेवटचं दूध रेडकाला पाजत असाल. आता हे खोटं पण नाही ओ, शेवटच्या धारेत फॅट सगळ्यात जास्त असतं आणि ते रेडकाच्या पोटात गेलं की आपलं कमी लागतं, त्यामुळं मी विश्वास ठेवला. सरकी पेंड वाढवली, कडबा विकत आणला, रेडकाला आधी पाजून बाजूला बांधायला लागलो आणि शेवटच्या धारेपर्यंत पिळून घेतलं. तरी फॅट तिथंच.

शंका आली ती बायकोमुळं. ती म्हणाली, सायंकाळच्या दुधावर साय जाड येतीय आणि स्लिपवर मात्र दोन्ही वेळचं सारखंच कसं? खरं होतं तिचं. आम्ही पहाटे 5 ला आणि दुपारी 4 ला पिळतो, रात्रीचं अंतर जास्त म्हणून सकाळी दूध जास्त अन फॅट कमी, संध्याकाळी उलटं. तो फरक सगळ्यांच्या गोठ्यात दिसतो. माझ्या स्लिपांवर मात्र सकाळी 6.1, संध्याकाळी 6.2, परत 6.1, जवळजवळ एका रेषेत. मग नीट बघितलं तर मशीनचा स्क्रीन आतल्या बाजूला वळवलेला आणि आकडा ऑपरेटर हातानं कॉम्प्युटरला टाकायचा!

त्यानंतर तीन दिवस मी दूध केंद्रात न्यायच्या आधी घरी दोनदा या बादलीतून त्या बादलीत ओतून सारखं केलं (न हलवता वरचं घेतलं तर फॅट जास्त येतं, खालचं घेतलं तर कमी) आणि स्वच्छ बाटली भरून बर्फात ठेवली, मेव्हणा तालुक्याच्या डेअरीच्या लॅबला आहे त्याच्याकडं त्याच दिवशी दिली. त्यानं गर्बर टेस्ट लावली, 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर 10.75 मिली दूध आणि 1 मिली अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रीफ्यूजला फिरवायचं आणि नळीत वर आलेलं फॅट वाचायचं. यात मशीनची हुशारी चालत नाही.

दुसऱ्या दिवशीचा हिशोब देतो. सकाळी लॅबला 6.6, स्लिपवर 6.1. संध्याकाळी लॅबला 7.2, स्लिपवर 6.6, त्या दिवशी जरा जास्त दिलं होतं त्यांनी. सकाळचे 8 लिटर 6.6 नं 422.40 व्हायला पाहिजेत, मिळाले 390.40. संध्याकाळचे 6 लिटर 7.2 नं 345.60, मिळाले 316.80. दिवसाला 768 च्या जागी 707.20, म्हणजे 60 रुपये 80 पैसे कमी. असंच चालत असेल तर दहा दिवसाच्या बिलाला 608 रुपये, एवढ्यात सरकी पेंडीचा किती खर्च निघाला असता!

बाकीच्या दोन दिवशीही फरक चार-पाच पॉइंटचाच. एखाद्या दिवशी एक-दोन पॉइंटनं मागंपुढं झालं तर लगेच भांडायला जाऊ नका, मशीन आणि गर्बरमधे तेवढं होऊ शकतं आणि मशीन धुतलं नसलं तरी चुकतं. पण चूक असेल तर ती कधी वर कधी खाली जाईल, दर वेळी केंद्राच्याच फायद्याची कशी होईल?

तिन्ही दिवसांच्या स्लिपा आणि लॅबचे आकडे घेऊन गेलो तेव्हा मालक म्हणाले मशीनचं कॅलिब्रेशन गेलंय, दुरुस्त करतो. एका बिलाचा फरक दिला, मागच्या चार महिन्यांचं काहीच नाही कारण तेव्हाच्या दुधाचा पुरावा माझ्याकडं कुठला. लगेच सोडताही येत नव्हतं, दुसरी म्हैस घेताना त्यांच्याकडूनच उचल घेतली होती आणि ती बिलातून कापली जात होती. ज्यांची उचल आहे त्यांच्याच फॅटला जास्त हात लागतो असं मला आता वाटतंय, शेजारच्या दोघांनीही तेच सांगितलं.

दिवाळीच्या आधी उचल फेडली आणि दूध बदललं. नव्या ठिकाणी मशीनचा आकडा थेट कॉम्प्युटरला जातो आणि स्क्रीन बाहेर आहे. पहिल्याच दिवशी सकाळी 6.7 लागलं, संध्याकाळी 7.1. म्हशी त्याच, चारा तोच.