शेठ आणि शेतकरी: 24 खालून की 85 लांबून?

दोन पात्रांच्या प्रसंगात एकाला वजनदार आणि दुसऱ्याला अगतिक दाखवायचं असेल तर आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: वजनदार माणसाला वाईड लेन्सने खालून घ्या, अगतिक माणसाला वरून घ्या. सल्ला चुकीचा नाही. पण कोणता माणूस, कसा बसलाय आणि प्रसंगात हालचाल कोण करतोय, हे त्यात येत नाही. मी 24 मिमीच्या वाईड लेन्सने जवळून आणि 85 मिमीच्या लाँग लेन्सने लांबून, अशा दोन्ही पद्धतींनी काम केलंय. एका विशिष्ट प्रकारच्या प्रसंगात माझा कल स्पष्टपणे 85कडे झुकला, त्याबद्दल लिहितो.

प्रसंग आपल्या खानदेशातला. चोपड्याकडचं जुनं धाब्याचं घर, सागाच्या तुळया, पुढच्या खोलीत कापसाच्या व्यापाऱ्याची बैठक. शेठ गादीवर लोडाला टेकून बसलेला, समोर जमिनीवर शेतकरी. कापूस अजून झाडावरच आहे आणि त्याला उचल हवीय. "शेठ, एवढं लग्न निभावून न्या." "बघू भो, बघू." प्रसंग एवढाच.

पुढचे सगळे आकडे फुल फ्रेम कॅमेऱ्याचे आणि 16:9 चौकटीचे आहेत. क्रॉप सेन्सर असेल तर लेन्सचा आकडा दीडाने भागा. चौकट दोन्हीकडे एकच धरू: बसलेला माणूस कमरेपासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत, म्हणजे साधारण 90 सेंमी. ही चौकट 24च्या लेन्सने हवी असेल तर कॅमेरा माणसापासून जेमतेम एक मीटरवर येतो. 85ने घ्यायची तर पावणेचार मीटरच्या थोडं पुढे जावं लागतं. चेहऱ्याचा जो फरक आपण 'लेन्सचा' म्हणतो, तो खरं तर या अंतरामुळे पडतो.

कॅमेऱ्याच्या उंचीचा हिशोबही या अंतरावरच ठरतो, आणि ते बऱ्याचदा सुटून जातं. कॅमेरा डोळ्यांच्या 40 सेंमी खाली ठेवला तर एक मीटरवरून चेहरा साधारण 20 अंश खालून दिसतो. तेच 40 सेंमी पावणेचार मीटरवरून फक्त सहा अंश होतात. म्हणून वाईडवर ट्रायपॉड वीतभर खाली केला की माणूस बदलतो. लाँगवर तेवढ्याने काहीच कळत नाही आणि आपल्याला वाटतं, उंचीचा उपयोगच होत नाही. होतो, फक्त उंची भरपूर बदलावी लागते.

आता 24च्या बाजूने बोलतो, कारण तिच्यात दम आहे. कॅमेरा गादीजवळ खाली ठेवून वर झुकवला की धुराने काळ्या पडलेल्या तुळया शेठच्या डोक्यावर येतात आणि खोलीचं छत दाबल्यासारखं वाटतं. आपल्या भागातल्या घरांना हे छान शोभतं. मागच्या दाराच्या चौकटी वर निमुळत्या होतात, ते खटकत असेल तर कॅमेरा खालीच ठेवून सरळ करा, चौकटी उभ्या राहतील. मात्र मग शेठ फ्रेममध्ये वर सरकेल आणि छत कमी दिसेल. ट्यूबलाइट आणि उघड्या वायरी तेवढ्या आधी बघून घ्या, छतावरचं सगळंच फ्रेममध्ये येतं.

माझा निर्णय मात्र लोडाने केला.

आपल्याकडे ज्याच्या हातात पैसा असतो तो पुढे वाकत नाही. तो लोडाला रेलतो. पुढे वाकतो तो मागणारा. आणि वाईड लेन्सचं वागणं नेमकं याच्या उलट असतं: जो कॅमेऱ्याकडे येतो तो मोठा होतो, जो मागे जातो तो लहान. "बघू भो" म्हणत शेठ 25 सेंमी मागे रेलला की एक मीटरवरच्या 24मध्ये त्याचा चेहरा जवळजवळ पाचव्या हिश्शाने लहान होतो. शिवाय मागे रेलताना हनुवटी वर जाते, खालून नाकपुड्या दिसतात आणि डोळे पापण्यांखाली लपतात. ज्या क्षणी तो सगळ्यात वरचढ आहे, त्याच क्षणी फ्रेममधला त्याचा भार उतरतो. समोरचा शेतकरी याच लेन्सवर तेवढाच पुढे सरकला तर सुमारे 30 टक्के मोठा होतो. म्हणजे विनवणी करणारा अंगावर येतो आणि नाकारणारा आक्रसतो. नटाला "मागे टेकू नका" सांगून हे सुटत नाही. टेकणं हाच त्याचा अभिनय असतो, तो काढून घेतला की शेठ उरत नाही.

85ला हा त्रास नाही. शेठ तेवढाच मागे रेलला तर चेहरा सहा टक्क्यांनी लहान होतो, बघणाऱ्याला कळतही नाही. तो जागचा हलत नाही असंच वाटतं. शेतकऱ्याच्या बाजूने तर फायदा आणखी मोठा आहे. तो पुढे सरकतो, हात जोडतो, पण फ्रेममध्ये सातेक टक्केच मोठा होतो. एवढा जोर लावूनही माणूस जिथल्या तिथेच. मला अगतिकपणा यात जास्त दिसतो, नुसत्या वरून घेतलेल्या शॉटपेक्षा.

उंची मी अशी ठेवतो. शेठचे डोळे गादीमुळे जमिनीपासून साधारण 95 सेंमीवर येतात, कॅमेरा 70वर. जेमतेम चार अंश खालून, डोळे पूर्ण दिसतात आणि नजर किंचित आपल्यावरून जाते. शेतकऱ्याचे डोळे 75वर असतात, त्याच्यासाठी कॅमेरा एक मीटर 40वर, म्हणजे दहाएक अंश वरून. याहून वर मी सहसा जात नाही, कारण डोक्याला रुमाल बांधलेला असेल आणि उजेड वरून असेल तर डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. मॉनिटरवर फक्त डोळ्यांतली चमक बघा. ती गेली की माणूस अगतिक न दिसता नुसता ओळखू येईनासा होतो.

अडचण जागेची. धाब्याच्या घरातल्या खोलीत पावणेचार मीटर मागे जायला मिळेलच असं नाही. मी माजघराच्या दारातून किंवा ओसरीवरून शॉट लावतो, दाराची कड फ्रेममध्ये आली तरी चालते. तेही जमत नसेल तर 50 लावा. ती सव्वादोन मीटरवर बसते, शेठ रेलल्यावर दहा टक्के लहान होतो, ते खपून जातं. शेतकऱ्यासाठी तेवढेच दहा अंश हवे असतील तर इथे कॅमेरा डोळ्यांपेक्षा 40 सेंमी वर पुरतो. याच्या खाली, 35कडे गेलात की लोडाचा त्रास परत सुरू होतो.

तुमच्या प्रसंगातला वरचढ माणूस उठून चालत येणारा असेल, तर मी सांगितलेलं बाजूला ठेवा. शेठ गादीवरून उठून शेतकऱ्याच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहणार असेल, तर तेवढ्या एका शॉटला कॅमेरा शेतकऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून 24 लावावी. तिथे 85वर तो येतच राहतो आणि पोचत नाही.