शिल्लक तीच, रनवे निराळा: दोन खातेउताऱ्यांचा तुलनात्मक आढावा

नाशिकमधील एखाद्या गुंतवणूकदारासमोर दोन प्रस्ताव आहेत, असे धरू. एक कंपनी अंबड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना यंत्रदुरुस्तीच्या नोंदींचे सॉफ्टवेअर पुरवते, तर दुसरी निफाड-दिंडोरी पट्ट्यातील द्राक्षबागायतदारांना देठ परीक्षण करून देते. दोघींचा दावा एकच आहे: 31 मार्चला 60 लाख शिल्लक, महिन्याला 5 लाखांचा बर्न, म्हणजे जमेपेक्षा जास्त होणारा खर्च, आणि म्हणून 12 महिन्यांचा रनवे, म्हणजे शिल्लक संपेपर्यंतचा काळ. 1 ऑक्टोबरला दोघींकडे 90 लाख होते, म्हणजे सहा महिन्यांत 30 लाख कमी झाले आणि हिशेब वरवर चोख दिसतो.

आरंभीच्या शिलकेतून अखेरची शिलक वजा करून महिन्यांनी भागणे ही पद्धत चाळणी म्हणून ठीक आहे, पण तिच्यावर निर्णय घेऊ नये. खात्यात आलेला पैसा ग्राहकाचा की उसना, आणि गेलेला पैसा खर्चाचा की नुसता जागा बदललेला, हे वजाबाकी सांगत नाही. त्यासाठी नोंदी एकेक करून वाचाव्या लागतात.

अंबडच्या कंपनीच्या उताऱ्यात 29 मार्चला संस्थापकाच्या वैयक्तिक खात्यातून 12 लाख जमा झालेले दिसतात. हे कर्ज आहे, उत्पन्न नव्हे, त्यामुळे खरी घट 30 नव्हे तर 42 लाखांची ठरते. पुढचा दोष न दिसणाऱ्या नोंदींत आहे. मासिक विवरण भरणाऱ्या कंपनीच्या खात्यातून साधारणतः 7 तारखेपर्यंत टीडीएस, 15 पर्यंत भविष्य निर्वाह निधी आणि 20 पर्यंत जीएसटी जाताना दिसतो. इथे जानेवारीपासून जीएसटीचा भरणाच नाही आणि विवरणपत्रांशी ताडून पाहता 3 लाख थकलेले निघतात. म्हणजे सहा महिन्यांचा खरा खर्च 45 लाख आणि मासिक बर्न साडेसात लाख. 60 लाखांतून 12 लाखांचे कर्ज आणि 3 लाखांची थकबाकी वगळली, की मोकळे 45 लाख उरतात. रनवे सहा महिन्यांचा.

याच उताऱ्यात 5 फेब्रुवारीला एका पुरवठादाराला अडीच लाख गेले आणि 9 फेब्रुवारीला एका ‘ग्राहका’कडून नेमके अडीच लाख आले. ग्राहकाकडून येणारी रक्कम सहसा इतकी गोल नसते: एक लाखाच्या बिलावर 18 हजार जीएसटी लागतो, 10 टक्के दराने टीडीएस कापला तर 10 हजार वजा होतात आणि खात्यात 1,08,000 येतात. गोल रक्कम म्हणजे लबाडीच असे नाही, आगाऊ रक्कमही तशी येऊ शकते. पण त्या ग्राहकाचे बिल आणि दोन्ही पक्षांचे संचालक पाहावेत. गंमत अशी, की पैसे असे फिरवले तरी बर्न बदलत नाही, फुगते ती फक्त विक्री. म्हणून बर्न जुळला एवढ्यावर जमेच्या नोंदी सोडून देऊ नयेत.

द्राक्षपट्ट्यातील कंपनीचा उतारा पहिल्या वाचनात अधिक भीतीदायक वाटतो, कारण चालू खात्यात फक्त 35 लाख आहेत. उरलेले 25 लाख मुदत ठेवीत आहेत. मात्र पावतीवर कर्ज काढलेले नाही ना, हे बँकेकडून पाहून घ्यावे. 30 लाखांच्या घटीत 9 लाखांचे परीक्षण यंत्र आहे. ते वगळले, की बर्न साडेतीन लाख येतो, आणि संस्थापकाने हाच आकडा पुढे केला तर 17 महिन्यांचा रनवे दाखवता आला असता.

तो आकडाही चुकीचा ठरला असता. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या हंगामात महिन्याला 4 लाख जमा होतात, एरवी जेमतेम 1 लाख; खर्च मात्र साडेसात लाखांचाच राहतो. एप्रिल ते सप्टेंबर साडेसहा लाखांच्या बर्नने 39 लाख जातील आणि उरलेले 21 लाख पुढच्या हंगामातील सहा महिने पुरतील. उत्तर 12 महिनेच येते, पण हंगामी व्यवसायाचा उतारा सहा महिन्यांचा नव्हे, वर्षाचा मागवावा.

दोघींकडूनही संस्थापकाने पाठवलेली पीडीएफ पुरेशी मानू नये. सर्व खात्यांचे उतारे खातेदाराच्या संमतीने बँकेची माहिती पोचवणाऱ्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमार्फत किंवा थेट बँकेकडून घ्यावेत आणि एप्रिलचे पहिले पंधरा दिवसही त्यात असावेत. मार्चअखेर आलेले 12 लाख एप्रिलमध्ये परत गेले असतील, तर ते तिथेच दिसते.

माझा कल दुसऱ्या कंपनीकडे आहे. पहिलीत गुंतवायचेच असेल, तर संस्थापकाचे कर्ज आधी भागभांडवलात रूपांतरित करून घ्यावे. तसे केल्यास मोकळी रक्कम 57 लाख होते आणि रनवे साडेसात महिन्यांच्या आसपास जातो.