जादा तास अ तुकडीला की ब तुकडीला? बॉक्स प्लॉट बघून ठरवू

दोन्ही तुकड्यांत १५-१५ मुलं, पेपर १०० मार्कांचा, आणि जादा तास एकाच तुकडीला देता येणार. शेजारी शेजारी दोन बॉक्स प्लॉट काढले की पहिली नजर डब्याच्या आतल्या रेघेवर जाते, ती मीडियन, म्हणजे मुलं मार्कांच्या क्रमाने उभी केली तर बरोबर मधल्याचे मार्क. अ ची ६०, ब ची ६४. म्हणजे ब पुढे, मग तास अ ला द्या, असं वाटतं ना? थांबा जरा, आधी डबा बघा.

डब्याची खालची कड म्हणजे पहिला चतुर्थक, वरची कड तिसरा, आणि मधली निम्मी मुलं या दोघांच्या मध्ये असतात. अ चा डबा ५२ ते ६४, फक्त १२ मार्कांचा. ब चा ४० ते ८०, तब्बल ४० चा. म्हणजे अ मधली बहुतेक पोरं एकमेकांच्या आसपास आहेत आणि ब मध्ये साधारण पाव वर्ग ४० किंवा त्याच्याही खाली अडकलाय, हे मीडियन सांगतच नाही. इथे बरेच जण एक घोळ घालतात, डबा मोठा दिसला की त्यात जास्त मुलं आहेत असं समजतात. तसं नसतं, डबा लांब असो की आखूड, मुलं तेवढीच, फक्त मार्क जास्त पसरलेले.

आता अ च्या खाली १८ वर एक सुटा ठिपका दिसतो, तो आउटलायर. नियम असा की डब्याच्या लांबीची दीडपट घ्यायची, १२ ची दीडपट १८, ती ५२ मधून वजा केली की ३४, त्याच्या खालचा मार्क सुटा दाखवायचा. म्हणून अ ची खालची मिशी, म्हणजे डब्यातून खाली निघणारी रेघ, ४८ वर थांबते, तो ठिपका सोडून सगळ्यात कमी मार्क तोच. ब मध्ये हाच हिशोब केला तर ४० वजा ६०, म्हणजे उणे २०! तिथे एखाद्याला शून्य मिळालं तरी ठिपका उमटणार नाही, ते मिशीतच लपेल. त्यामुळे ब मध्ये ठिपका नाही म्हणून सगळं ठीक आहे असं अजिबात समजू नका. आणि अ मधला १८ वाला लगेच ढ ठरत नाही, मार्क चढवताना ८१ चे १८ तर झाले नाहीत ना ते आधी उत्तरपत्रिकेत बघा.

माझं मत विचाराल तर तास ब ला, आणि तेही खालच्या पाव वर्गाला धरून, अ मधल्या त्या एकाशी वेगळं बसलं की पुरे.

एक्सेलमध्ये QUARTILE.INC वापरलंत तर अ चा पहिला चतुर्थक ५२ ऐवजी ५३ येईल, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे, निर्णय तोच राहतो, पण दोन्ही तुकड्यांना एकच पद्धत लावा. आणि ब मध्ये मार्क सलग पसरलेत की हुशार आणि कच्ची अशा दोन टोळ्या आहेत ते मात्र डब्यातून कळणार नाही, त्यासाठी डब्यावरच प्रत्येक मुलाचा ठिपका टाकून बघा.